पाहुणे गेल्यावर रिव्ह्यू कसा लिहायचा: कोल्हापूरच्या होस्टचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंकाळ्याच्या काठापासून राजारामपुरीपर्यंत, आणि वर पन्हाळ्यावरही, घर किंवा खोल्या ॲपवर भाड्याने देणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे एकाच विषयावरचे आहेत: पाहुणे निघून गेल्यावर होस्टनं त्यांच्याबद्दल काय लिहावं, विशेषतः स्वच्छता आणि घराचे नियम यांबद्दल. मुदती आणि स्टारचे तपशील एअरबीएनबीचे आहेत, कारण पाहुण्याबद्दल होस्टनं लिहिलेलं पुढच्या होस्टला दिसतं ते मुख्यतः तिथेच. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तो क्रमांक सांगितला आहे.

१. पाहुण्याचा रिव्ह्यू होस्टनं लिहायचाच का? तो वाचतं कोण?

सक्ती नाही. वाचतो तो पुढचा होस्ट. उद्या हाच माणूस गोव्यात किंवा महाबळेश्वरला बुकिंगची विनंती पाठवेल तेव्हा तिथला घरमालक त्याचं प्रोफाइल उघडून तुमच्या चार ओळी बघेल आणि होकार द्यायचा की नाही ते ठरवेल. म्हणून लिहिताना डोळ्यांसमोर तो अनोळखी घरमालक ठेवा, पाहुणा नव्हे. पाहुण्याला काही सुनवायचं असेल किंवा सुचवायचं असेल तर त्यासाठी खाजगी निरोपाची वेगळी जागा आहे. ती फक्त त्यालाच दिसते.

२. किती दिवसांत लिहायचा? त्याचा रिव्ह्यू आधी वाचून मग माझा लिहिता येतो का?

चेकआउटनंतर १४ दिवस मिळतात. दोघांनी लिहिलं की दोन्ही रिव्ह्यू एकदम दिसतात. एकानंच लिहिलं तर १४ दिवस संपल्यावर तेवढा एक दिसतो. त्यामुळे त्याचं वाचून मग आपलं लिहिणं शक्य नाही, आणि त्यालाही ते शक्य नाही. "मी तक्रार लिहिली तर तो सूड म्हणून एक स्टार देईल" ही भीती म्हणूनच बरीचशी निराधार आहे.

बरीचशी म्हणतो, कारण एक बारीक गोष्ट आहे. तुम्ही रिव्ह्यू दिलात की पाहुण्याला "होस्टनं तुमच्याबद्दल लिहिलंय" असा निरोप जातो. मजकूर दिसत नाही, पण विसरलेल्या माणसाला आठवण मात्र होते. यासाठी काही होस्ट अगदी शेवटच्या दिवशी लिहितात. मला ते फारसं पटत नाही. दोन आठवड्यांनी कुठल्या उशीवर डाग होता हे कुणाला आठवतं? मजकूर पहिल्याच दिवशी फोनमधल्या टिपणात लिहून ठेवा. पाठवायचा कधी ते नंतर ठरवा.

३. कशाकशाला स्टार द्यायचे असतात?

स्वच्छता, संवाद आणि घराचे नियम पाळणं, या तीन गोष्टींना वेगवेगळे, १ ते ५. शिवाय या पाहुण्याला पुन्हा घर द्याल का, असंही विचारलं जातं. आणि मग लेखी मजकूर.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एक राग तिन्हीकडे काढण्यानं. गादी खराब केली म्हणून संवादाला दोन स्टार दिले, तर पुढच्या होस्टला वाटेल की हा माणूस फोनच उचलत नाही. प्रत्येक खाना स्वतंत्र समजा. घर स्वच्छ ठेवून नियम मोडणारे पाहुणे असतात, आणि सगळे नियम पाळून मोरी तुंबवून जाणारेही असतात.

४. "अस्वच्छ" नेमकं कशाला म्हणायचं? वापरलेलं घर थोडंफार घाण होणारच ना?

होणारच, आणि त्याचेच तुम्ही क्लीनिंग फी म्हणून किंवा भाड्यात धरून पैसे घेतलेले असतात. चुरगळलेल्या चादरी, ओले टॉवेल, न्हाणीत चार केस, भरलेला डस्टबिन, चहाचे कप सिंकमध्ये, जमिनीवर थोडी वाळू-माती: हे सगळं वापरात धरायचं. यासाठी स्टार कापू नयेत. निघण्यापूर्वी भांडी घासावीत असं तुमच्या नियमांत लिहिलेलं असेल तर न घासलेली भांडी हा नियमांचा मुद्दा होईल, स्वच्छतेचा नाही.

माझी कसोटी साधी आहे. घर आवरायला येणाऱ्या मावशींना नेहमीपेक्षा किती जास्त वेळ लागला, आणि नेहमीच्या फडक्या-फिनेलपेक्षा वेगळं काही लागलं का? दोन खोल्यांच्या फ्लॅटला एरवी दोन तास लागत असतील आणि आज अडीच लागले, तर विषय सोडून द्या. चार तास लागले, गादी उन्हात टाकावी लागली, प्लंबरला बोलवावं लागलं, भिंत पुसूनही डाग गेला नाही, तर मग लिहिण्यासारखं काही आहे. मावशींना तासांचा हिशेब सांगायची सवय लावा. "लई घाण केलीती" यापेक्षा "दीड तास जास्त गेला, त्यातला तासभर एकट्या मोरीत" हे वाक्य रिव्ह्यूला उपयोगी पडतं.

५. जोतिबाहून आलेल्या पाहुण्यांनी घरभर गुलाल केला. देवाचं काम म्हणून सोडून द्यायचं की लिहायचं?

हा प्रश्न चैत्र यात्रेच्या सुमारास आणि एरवी प्रत्येक रविवारनंतर येतोच, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला भाग श्रद्धेचा. रिव्ह्यूमध्ये तो आणूच नका. ते जोतिबाला गेले, अंबाबाईला गेले की नुसते मिसळ खायला आले, याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही. गुलाल पडला, कुठे पडला, निघाला की नाही, एवढंच लिहायचं.

दुसरा भाग तुमचा आहे. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरून उतरलेला माणूस गुलालात न्हालेला असणार, हे कोल्हापूरच्या होस्टला माहीत असायलाच हवं. मुंबईच्या पाहुण्याला ते पहिल्यांदाच कळत असेल. गुलाल कुठे झाडायचा, पाय कुठे धुवायचे हे घराच्या नियमांत लिहिलेलं नसेल, तर नियमांचे स्टार कापण्याचा हक्क तुम्हाला नाही. नियम असा लिहिता येईल: "जोतिबाहून आल्यावर कपडे गॅलरीत झाडावेत, जिन्याखालच्या नळावर हातपाय धुऊन मगच आत यावं. गुलालाचे कपडे गादीवर ठेवू नयेत." आणि शनिवारीच ॲपवर त्याची आठवण करून द्यावी.

तिसरा भाग डागाचा. गुलाल कोरडा असताना ओलं फडकं लावलं की रंग सुटतो आणि कापडात उतरतो. आधी कोरड्या ब्रशनं किंवा व्हॅक्यूमनं काढायचा, चादर बाहेर झटकायची, आणि मगच गार पाणी. कोरडा झाडून निघाला तर तो वापरातला कचरा समजा आणि लिहू नका. पाहुण्यांनी ओल्या हातानं भिंत धरली, ओले कपडे गादीवर टाकले आणि डाग बसला, तर तो लिहिण्याजोगा आहे. पण मावशींनीच घाईत ओला पोछा फिरवून गुलाबी केलेली फरशी पाहुण्याच्या नावावर टाकू नका. म्हणूनच फोटो आधी, आवराआवर नंतर.

६. फोटो कसे आणि कधी काढायचे? रिव्ह्यूला जोडता येतात का?

रिव्ह्यूला ते जोडायचे नसतात. फोटो तुमच्या स्वतःच्या खात्रीसाठी, आणि वाद झालाच तर कंपनीला दाखवायला. पाहुणे बाहेर पडल्यावर कशालाही हात लावण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा एक दारातून घेतलेला रुंद फोटो आणि मग डागाचा जवळून एक. फक्त जवळचा फोटो असेल तर तो कुठल्या घरातला, कुठल्या गादीचा, काहीच कळत नाही. पाहुणे येण्याच्या दिवशीही असेच फोटो घेतलेले असावेत, नाहीतर डाग जुनाच होता असं ते म्हणतील, आणि कधीकधी तो जुनाच असतो. फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवले की त्यातली वेळेची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या.

घरातल्या कॅमेऱ्याचं चित्रण हा प्रश्नही येतो. ३० एप्रिल २०२४ पासून एअरबीएनबीवर घराच्या आतल्या भागात कॅमेरा लावायला पूर्ण बंदी आहे, हॉलमध्येसुद्धा, आणि आधी सांगितलेलं असलं तरीही. बाहेरचा कॅमेरा चालतो, पण तो कुठे आहे ते जाहिरातीत लिहिलेलं असलं पाहिजे.

७. एक पूर्ण उदाहरण द्या ना. काय घडलं, त्यातलं काय लिहिलं आणि किती स्टार दिले?

नावगाव काढून आणि थोडं बदलून एक घेऊ. रंकाळ्याजवळचा दोन बेडरूमचा फ्लॅट, मर्यादा सहा जणांची, शनिवार-रविवार दोन रात्री. गुलालाचा नियम वर सांगितला तसा लेखी होता. चेकआउट सकाळी ११.

रविवारी संध्याकाळी पाहुण्याचा निरोप आला, "दोघं वाढलेत, दोन गाद्या मिळतील का?" होस्टनं ॲपवरच उत्तर दिलं की सहापेक्षा जास्त जणांना राहता येणार नाही, हवं तर जवळचं लॉज सुचवतो. पाहुण्यानं "बरं" म्हटलं. सोमवारी सकाळी साडेनऊला त्यानंच विचारलं, "आई-बाबांची तयारी व्हायचीय, बाराला निघालो तर चालेल का?" होस्टनं हो म्हटलं. ते पावणेबाराला निघाले. किल्ली घेताना होस्टनं स्वतः पाहिलं की आठ जण बॅगा घेऊन खाली उतरले, आणि वाढलेले दोघंही रात्री इथेच झोपल्याचं त्यांच्यातल्याच एकानं बोलता बोलता सांगितलं.

आत गेल्यावर: एका गादीवर हातभर लांबीचा गुलाबी डाग, दोन अभ्रे रंगलेले, हॉलमधल्या स्विचबोर्डाशेजारी भिंतीवर पंजाचे ठसे. न्हाणी रंगलेली होती, पण पुसून घेतलेली. स्वयंपाकघर लखलखीत, भांडी घासून पालथी घातलेली. ओला-सुका कचरा वेगळा बांधलेला. शेजारच्या काकूंचं म्हणणं, रात्री एक वाजेपर्यंत गोंगाट चालू होता. अभ्रे धुतल्यावर निघाले, भिंतीचे ठसे आणि गादीचा डाग राहिला.

आता चाळणी लावू. उशिरा निघणं हा मुद्दा नाही, परवानगी दिली होती. अभ्रे निघाले, सोडून द्या. काकूंचा गोंगाट होस्टनं ऐकला नाही आणि काकूंनी रात्री फोनही केला नव्हता, म्हणून तोही बाहेर. उरल्या तीन गोष्टी: दोन जास्तीची माणसं, गुलालाचा न पाळलेला नियम, आणि राहिलेले डाग. त्यांच्या जोडीला चांगल्या बाजू. मजकूर असा झाला:

"सहा जणांसाठी दोन रात्रींचं बुकिंग होतं. दुसऱ्या रात्री आठ जण राहिले. सहाची मर्यादा त्याच संध्याकाळी ॲपवर पुन्हा कळवली होती. गुलाल बाहेर झाडून येण्याचा नियम पाळला गेला नाही, त्यामुळे एका गादीवर आणि हॉलच्या भिंतीवर न निघणारे डाग राहिले. स्वयंपाकघर आणि भांडी अतिशय स्वच्छ होती, कचरा वेगळा करून ठेवला होता. बोलणं नम्र, उत्तरं लगेच मिळत होती, उशिरा निघण्याची परवानगी आधी मागितली होती."

स्वच्छतेला ३, कारण अर्धं घर उत्तम होतं आणि अर्ध्याला नुकसान झालं. संवादाला खरं तर ५ द्यावेसे वाटत होते, पण "बरं" म्हणून उलटं केलं, म्हणून ४. नियमांना २: एक नियम नाही म्हटल्यावरही मोडला, दुसरा निष्काळजीपणानं. पुन्हा घर द्याल का, याला नाही. यावर आमच्यातच वाद आहे. काहींच्या मते गादीचे पैसे भरले तर नियमांना ३ द्यावेत. मला ते चुकीचं वाटतं. पैशाचा हिशेब वेगळा (प्रश्न ११), घडलेली गोष्ट वेगळी.

८. हाच रिव्ह्यू रागात लिहिला तर काय बिघडतं? शेवटी वस्तुस्थिती तीच ना?

हे वाचा: "अत्यंत घाणेरडं कुटुंब. घराचा उकिरडा केला. खोटं बोलून माणसं घुसवली. कुणीही यांना घर देऊ नका." पुढच्या होस्टला यातून काय कळलं? किती माणसं, कुठला डाग, कुठला नियम, काहीच नाही. उलट शंका येते की भांडखोर कोण, पाहुणा की होस्ट. लक्षात ठेवा, तुम्ही लिहिलेले रिव्ह्यू तुमच्या भावी पाहुण्यांच्याही नजरेस पडू शकतात, आणि असा एक रिव्ह्यू वाचून चांगलं कुटुंब दुसरीकडे वळू शकतं.

विशेषणं खोडून त्या जागी पाहिलेली गोष्ट लिहा. "घाणेरडं"च्या जागी "मटणाची हाडं आणि तेल सिंकमध्ये ओतल्यामुळे मोरी तुंबली". "खोटारडे"च्या जागी "सहा सांगून आठ जण राहिले". कुणाच्या हेतूबद्दल लिहूच नये. मुद्दाम केलं की विसरले, हे तुम्हाला माहीत नसतं.

९. तांबड्या-पांढऱ्याचा वास दोन दिवस घरात होता. हे अस्वच्छतेत धरायचं का?

स्वयंपाकघर वापरायला दिलंय असं तुम्हीच जाहिरातीत लिहिलं असेल, तर वास धरायचा नाही. कोल्हापुरात घर देऊन मटणाच्या वासाची तक्रार लिहिणं म्हणजे जरा जास्तच झालं. ओट्यावरचे हळदीचे पिवळे डागही लगेच नोंदवू नका. हळदीचा रंग उजेडात फिका पडत जातो. कापड धुऊन उन्हात टाका आणि मग बघा.

घर पूर्ण शाकाहारी आहे आणि तसं नियमांत लेखी आहे, तर मात्र मांसाहार शिजवणं हा सरळ नियमभंग आहे आणि तेवढंच लिहायचं: "शाकाहारी स्वयंपाकघराचा नियम लेखी होता. आत मटण शिजवलं गेलं." जाता-येता तोंडी सांगितलेला नियम यात धरू नका. तोंडी नियमांबद्दल पुढच्या प्रश्नात.

१०. नियम तोंडी सांगितला होता, किंवा असा नियम लिहायचं सुचलंच नव्हतं. तरी मोडल्याचं लिहू का?

नाही. नियमांचा खाना फक्त बुकिंगच्या वेळी पाहुण्याला वाचता येत असलेल्या नियमांसाठी आहे. दारूच्या रिकाम्या बाटल्या डस्टबिनमध्ये सापडल्या आणि दारूबद्दल तुमचा नियमच नाही, तर ती बाटली म्हणजे कचरा, बस. अविवाहित जोडपं, कोल्हापूरचंच आधारकार्ड, रात्री उशिरा येणं, यांबद्दलही तेच. तुम्हाला आवडलं नाही म्हणजे नियम मोडला असं होत नाही. नियमांत आजच्या आज भर घाला, तो पुढच्या बुकिंगपासून लागू होईल.

ॲपवरच्या निरोपात लिहून दिलेलं आणि पाहुण्यानं मान्य केलेलं मात्र चालतं, उदाहरणार्थ "गच्ची दहानंतर बंद" आणि त्यावर "ओके". तोंडी बोलणं झालं असेल तर नंतर लगेच ॲपवर एक ओळ टाकायची सवय ठेवा.

११. नुकसानभरपाई मागितली आहे. पैसे दिले तर चांगला रिव्ह्यू देतो, असं म्हणू का?

अजिबात नाही, आणि "भरपाई मागाल तर एक स्टार देईन" असं पाहुण्यानं म्हटलं तर तेही चालत नाही. रिव्ह्यू दाखवून पैसे, सवलत किंवा स्टार मागणं कंपनीच्या नियमात बसत नाही. असा निरोप आला तर फोनवर उत्तर देऊ नका, ॲपवरच ठेवा आणि कंपनीला कळवा.

भरपाईची मागणी ॲपमधून वेगळी करायची असते. तीही पाहुणा निघाल्यापासून १४ दिवसांच्या आत, फोटो आणि बिलासह. पाहुण्याला उत्तर द्यायला २४ तास मिळतात. तो नाही म्हणाला, किंवा गप्प बसला, तर कंपनीला मध्ये घेता येतं. रिव्ह्यूमध्ये रकमेचा उल्लेख नको. "डाग राहिला" हे पुरेसं आहे. पाहुण्यानं स्वतःहून भरपाई दिली असेल तर तेवढी एक ओळ जरूर घाला, कारण पुढच्या होस्टला ती खरोखर उपयोगी पडते.

१२. काचेचा ग्लास फुटला, पण पाहुण्यानं लगेच फोटो पाठवून माफी मागितली. लिहू का?

ग्लास सोडून द्या. लिहायचंच असेल तर उलट बाजूनं लिहा: "एक छोटी वस्तू फुटली, त्यांनी स्वतःहून लगेच कळवलं." दुसऱ्याच्या घरात वस्तू फुटल्यावर लपवणारी माणसं जास्त, सांगणारी कमी. हा गुण संवादाच्या पाचव्या स्टारचा आहे.

१३. मुलानं पुण्याहून आई-वडिलांसाठी बुकिंग केलं होतं. रिव्ह्यू कुणाचा?

ज्याच्या खात्यावरून बुकिंग झालं त्याच्या प्रोफाइलवर तो जातो. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा की बुकिंग करणारे स्वतः राहिले नव्हते. नाहीतर आई-वडिलांनी टापटीप ठेवलेलं घर पाहून पुढचा होस्ट मुलाच्या दहा मित्रांना गच्ची देईल. दुसऱ्याच्या नावानं बुकिंग घेणं कंपनीच्या नियमांतही अडचणीचं आहे, त्यामुळे असं होणार हे आधी कळलं तर राहणाऱ्यालाच खातं काढायला सांगा.

१४. पाहुण्याबद्दलची कुठली माहिती लिहायचीच नाही?

फोन, पूर्ण नाव, कुठल्या कंपनीत काम करतात, आधारवरचं काहीही, गाडीचा नंबर. जात, धर्म, भाषा, आजारपण, जोडप्याचं नातं. "अमुक भागातली माणसं अशीच असतात" हे वाक्य तर भेदभावात मोडतं, आणि त्यामुळे रिव्ह्यू काढला जाऊ शकतो. आजीला चालता येत नव्हतं म्हणून पसारा राहिला, हेही लिहू नका. पसारा किती, ते प्रश्न ४ च्या कसोटीवर पाहा.

१५. वाईट रिव्ह्यू लिहिला म्हणून पाहुणा बदनामीचा दावा लावीन म्हणतो. घाबरायचं का?

बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ वं आहे. १ जुलै २०२४ पूर्वी ते जुन्या दंड संहितेत होतं. खरी गोष्ट लोकहितासाठी सांगणं आणि सद्भावनेनं मत देणं, याला त्यात अपवाद आहेत. तुमच्याकडे फोटो, ॲपवरचे निरोप आणि पाहिलेल्याच गोष्टी लिहिलेला मजकूर असेल तर पाय रोवून उभं राहता येतं. "चोर", "दारुडे" असं काही लिहिलं असेल तर मात्र धमकी पोकळ समजू नका. खरोखरची नोटीस आली तर वकिलाकडे जा.

१६. लिहिल्यावर चूक लक्षात आली, किंवा पाहुण्यानं नंतर पैसे दिले. बदलता येतो का?

दोघांचेही रिव्ह्यू उघड होईपर्यंत बदलता येतो. पाहुण्यानं आपला दिला आणि दोन्ही दिसू लागले, की हात बांधले जातात. म्हणून भरपाईचं बोलणं चालू असेल तर त्याच्या निकालासाठी थोडं थांबणं शहाणपणाचं, फक्त १४ दिवसांची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून.

१७. त्यानं माझ्या रिव्ह्यूखाली लांबलचक उत्तर लिहिलंय, त्यात खोटं आहे. आता मी काय लिहू?

रिव्ह्यूला जाहीर उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि ते एकदाच. त्याच्या उत्तराला पुन्हा तुमचं उत्तर, असं चालत नाही, आणि ते बरंच आहे. त्यानं तुमच्या घराबद्दल लिहिलेल्या रिव्ह्यूखाली मात्र तुम्हाला उत्तर देता येतं. तिथे दोन ओळी, शांतपणे: "सहाची मर्यादा रविवारी संध्याकाळी ॲपवर कळवली होती. गादी बदलली आहे." हे वाचणारा म्हणजे तुमचा पुढचा पाहुणा. त्याला गादी नवी आहे हेच हवं असतं.

१८. दोन वर्षांपूर्वी ज्याला नियमांचे दोन स्टार दिले, त्याचीच नवरात्रासाठी विनंती आलीय. नाकारू?

जुना रिव्ह्यू उघडून वाचा. म्हणून तर तो नेमका लिहायचा असतो. त्यात "आठ जण राहिले" असेल, तर यावेळी किती जण येणार ते ॲपवर विचारा आणि आकडा लेखी घ्या. इतर कुठल्या होस्टनी त्यानंतर काय लिहिलंय तेही पाहा. मधल्या काळात तीन ठिकाणी चांगलं लिहिलं गेलं असेल तर मी घर देईन, पण गाद्यांवर गडद चादरी घालून.